एफडी मॅच्युअर झाली, आता पुढे काय? ऑटो रिन्यूअल, मॅच्युरिटी इन्स्ट्रक्शन आणि पडून राहिलेल्या पैशाचं व्याज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या घरातल्या, शेजारच्या आणि नात्यातल्या बऱ्याच जणांच्या एफडींचं कामकाज गेली काही वर्षं मीच बघतेय, त्यामुळे हेच हेच प्रश्न इतक्यांदा ऐकलेत की एकदा नीट लिहून ठेवावं म्हटलं. एफडी काढताना आपण सगळं लक्ष व्याजदरावर ठेवतो, पाव टक्क्यासाठी चार बँका फिरतो, आणि फॉर्मवरची एक छोटी चौकट, म्हणजे मुदत संपल्यावर पैशाचं काय करायचं ती, तशीच रिकामी सोडतो किंवा काउंटरवरच्या माणसाला म्हणतो तुम्हीच टाका काहीतरी. खरं नुकसान तिथेच होतं. इथे फक्त त्या चौकटीबद्दल बोलूया, एफडी कुठे करावी वगैरे नाही.

मॅच्युरिटी इन्स्ट्रक्शन म्हणजे नक्की काय?

एफडीची मुदत ज्या दिवशी संपते त्या दिवशी बँकेने मुद्दल आणि व्याजाचं काय करायचं याबद्दल तुम्ही आधीच देऊन ठेवलेली सूचना. बँकेगणिक शब्द वेगळे असतात पण मूळ प्रकार तीनच. एक, मुद्दल आणि व्याज दोन्ही मिळून पुन्हा तेवढ्याच मुदतीसाठी एफडी. दोन, फक्त मुद्दलाची पुन्हा एफडी आणि व्याज सेव्हिंग खात्यात. तीन, एफडी बंद करून सगळे पैसे खात्यात. पहिल्या दोन्हीला लोक ऑटो रिन्यूअल म्हणतात, त्यामुळे गोंधळ होतो, कारण कुणी सांगतं ऑटो रिन्यू आहे आणि त्याला वाटतं व्याज हातात येईल, ते येतच नाही.

आणि एक चौथी अवस्था आहे जी कुठल्याच फॉर्मवर छापलेली नसते: काहीच सूचना नाही. हे पान मुख्यतः त्या चौथीबद्दल आहे.

मी काहीच टिक केलं नाही, तर बँक आपोआप रिन्यू करतेच ना?

बऱ्याच बँका करतात, विशेषतः ॲपवरून काढलेल्या एफडीला आधीच एक पर्याय निवडून ठेवलेला असतो. पण करतेच असं धरून चालू नका. ब्रँचमध्ये कागदावर काढलेली जुनी पावती, सहकारी बँकेतली ठेव, सूचना न भरलेला फॉर्म, अशा ठिकाणी एफडी मुदत संपल्यावर नुसती थांबते. पैसे बँकेतच असतात, सुरक्षित असतात, पण ते एफडी म्हणून वाढत नाहीत. बँकेच्या भाषेत ती ओव्हरड्यू एफडी झाली.

सूचना दिलेली असूनसुद्धा असं होऊ शकतं, हे फार लोकांना माहीत नसतं. तुम्ही लिहिलंय की पैसे अमुक सेव्हिंग खात्यात टाका, आणि ते खातं मध्येच बंद केलं किंवा वापर नसल्यामुळे इनऑपरेटिव्ह झालं, तर पैसे जाणार कुठे? तिथेच अडकून बसतात. म्हणून एखादं जुनं सेव्हिंग खातं बंद करायला जाल तेव्हा त्या खात्याला कुठली एफडी जोडलेली आहे का हे आधी विचारा.

मॅच्युअर होऊन पडलेल्या एफडीला व्याज मिळतं का?

मिळतं, पण एफडीचं नाही. रिझर्व्ह बँकेने २ जुलै २०२१ ला परिपत्रक काढून नियम बदलला: मुदत संपली आणि रक्कम तशीच बँकेत राहिली तर तिच्यावर सेव्हिंग खात्याचा दर किंवा त्या एफडीचा ठरलेला दर, यातला जो कमी असेल तो मिळेल. त्याच्या आधी सरळ सेव्हिंगचा दर मिळायचा.

जो कमी असेल तो, हे दोनदा वाचा, कारण लोक यातला "ठरलेला दर" एवढाच शब्द पकडतात आणि म्हणतात माझी एफडी ७ टक्क्याची आहे म्हणजे पुढेही ७ टक्के चालू राहणार. नाही राहणार. मोठ्या बँकांचा सेव्हिंगचा दर २०२५ च्या मध्यापासून २.५० टक्क्यांवर आलाय, म्हणजे तुमची ७ टक्क्याची एफडी मॅच्युरिटीच्या दुसऱ्या दिवसापासून अडीच टक्क्यावर येते. उलटी बाजूही आहे. काही छोट्या फायनान्स बँका मोठ्या बॅलन्सवर सेव्हिंगला चांगला दर देतात, समजा ६ टक्के, आणि तुमची एफडी कमी दिवसांची साडेचार टक्क्याची होती, तर तिथे साडेचारच मिळणार, सहा नाही. कुठूनही बघा, पडून राहिलेल्या पैशाला दोघांतला हलका दर.

हा नियम सरकारी आणि खासगी बँका, छोट्या फायनान्स बँका, नागरी सहकारी बँका, राज्य आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका या सगळ्यांना लागू आहे. पतसंस्था मात्र वेगळ्या. त्या सहकार खात्याकडे असतात, रिझर्व्ह बँकेचा हा नियम त्यांना लागत नाही, तिथे संस्थेचे पोटनियम काय सांगतात ते विचारावं लागतं. पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेसारखा ५ लाखांचा ठेव विमाही नसतो, तर मुदत संपलेली पावती तिथे विसरून जाणं मला तरी जास्तच धोक्याचं वाटतं.

आकड्यात सांगा, किती फरक पडतो?

माझ्या मामांचं उदाहरण सांगते, कारण तेव्हापासूनच मी हे सगळं गंभीरपणे बघायला लागले. मामांनी एका सहकारी बँकेत ५ लाखांची एक वर्षाची एफडी केली, दर ७ टक्के, व्याज तिमाही चक्रवाढ. वर्षाअखेरीस झाले ५,३५,९३०. फॉर्मवर मॅच्युरिटीची चौकट रिकामी. पावती कपाटात, मामांची समजूत अशी की पूर्वी बँक आपोआप पुढे ढकलायची तशी आताही ढकलेल. आठ महिन्यांनी, नेमके २४० दिवसांनी, मामींच्या ऑपरेशनसाठी पैसे लागले म्हणून पावती काढली आणि ब्रँचमध्ये गेले.

त्या २४० दिवसांचं व्याज अडीच टक्क्याने, साधं व्याज धरून, निघालं साधारण ८,८१० रुपये. मॅच्युरिटीच्या दिवशी त्या बँकेत एक वर्षाचा दर ६.२५ होता, म्हणजे एफडी चालू असती तर तेवढ्याच दिवसात साधारण २२,०२० रुपये जमले असते. आता तुम्ही म्हणाल की पण एफडी मध्येच मोडावी लागली असती ना, पैसे तर लागणारच होते. बरोबर. मग मोडण्याचाही हिशोब करू. मध्येच मोडली की ठरलेला दर मिळत नाही, जितके दिवस राहिली तितक्या दिवसांचा दर मिळतो आणि त्यातून दंड जातो. २४० दिवसांना दर ५.७५ धरा, दंड अर्धा टक्का, म्हणजे ५.२५ टक्के, तरी साधारण १८,५०० रुपये होतात. मोडून, दंड भरूनसुद्धा पडून राहिलेल्या एफडीच्या दुपटीहून जास्त.

यातली मुख्य गोष्ट हीच आहे आणि माझं स्पष्ट मतही हेच: रिन्यू झालेली एफडी नको असेल तर मोडता येते, पण रिकामा गेलेला काळ मागे नेता येत नाही. म्हणून कळत नसेल काय टिक करायचं तर किमान रिन्यूअल टिक करा, चौकट रिकामी ठेवू नका.

मग उशिरा गेलो तर मागच्या तारखेपासून रिन्यू करून मिळत नाही का?

काही बँका काही दिवसांच्या आत गेलात तर देतात. ओव्हरड्यू एफडी कशी रिन्यू करायची हे रिझर्व्ह बँकेने बँकांवर सोडलंय, पण त्यासाठी प्रत्येक बँकेच्या संचालक मंडळाने मंजूर केलेलं धोरण असावं लागतं आणि ते सगळ्या ग्राहकांना सारखं लागू करावं लागतं, मॅनेजरच्या मर्जीवर नाही. म्हणून काउंटरवर विनवण्या करण्यापेक्षा सरळ विचारा की तुमच्या ठेव धोरणात ओव्हरड्यू रिन्यूअलला किती दिवस दिलेत, आणि त्या दिवसांत दर कुठल्या तारखेचा लावता, मॅच्युरिटीच्या की आजच्या. हे धोरण बँकेच्या वेबसाइटवर असतं, डिपॉझिट पॉलिसी नावाने. मामांच्या बाबतीत ते दिवस केव्हाच संपले होते, त्यामुळे बँकेचं काही चुकलं असंही म्हणता येईना.

रविवारी मॅच्युअर झाली, मग त्या दिवसाचं व्याज बुडालं?

नाही. मॅच्युरिटी सुट्टीच्या दिवशी आली तर पुढच्या कामाच्या दिवसापर्यंतचं व्याज मूळ ठरलेल्या दरानेच मिळतं, दुसरा आणि चौथा शनिवारही त्यात आला. ही ओव्हरड्यू नाही.

मुद्दल अधिक व्याज की फक्त मुद्दल, काय निवडू?

व्याज घरखर्चाला लागत नसेल तर मुद्दल अधिक व्याज, कारण व्याजावर व्याज चालू राहतं आणि सेव्हिंगमध्ये आलेलं व्याज आपण खर्चून टाकतो हे खरंय. पण दोन ठिकाणी थांबून विचार करा.

पहिलं, विम्याची मर्यादा. ४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदाराच्या मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच्या ठेवींना विमा आहे. सगळ्या शाखा आणि सगळी खाती मिळून ५ लाख, प्रत्येक एफडीला वेगळे नाहीत. समजा कुणी मुद्दाम हिशोब करून ४,७५,००० ची एफडी ठेवली आणि मुद्दल अधिक व्याज टिक केलं, तर पहिल्याच वर्षात ७ टक्क्याने ती रक्कम ५,०९,००० च्या वर जाते आणि मग प्रत्येक रिन्यूअलला आणखी वर. छोट्या बँकेत पैसे असतील तर तिथे फक्त मुद्दल रिन्यू आणि व्याज दुसऱ्या बँकेतल्या खात्यात, हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

दुसरं, टॅक्स. व्याज हातात आलं नाही, पुन्हा एफडीतच गेलं, तरी ते तुमचं उत्पन्नच. बँक जमा झालेल्या व्याजावर दरवर्षी टीडीएसचा हिशोब करते, एफडी मॅच्युअर होण्याची वाट बघत नाही. १ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा एका बँकेत वर्षाला ५०,००० रुपये व्याज आणि सीनियर सिटिझनना १ लाख अशी आहे, त्यावर गेलं की पॅन असेल तर १० टक्के कापतात, पॅन दिलेला नसेल तर २० टक्के. टीडीएस एफडीतूनच गेला तर रिन्यू झालेली रक्कम तुम्ही मनात धरलेल्या आकड्यापेक्षा थोडी कमी दिसते, आणि मग लोक बँकेवर चिडतात की पैसे कमी लावले.

ऑटो रिन्यू केली तर जुनाच व्याजदर राहतो का?

नाही, आणि हा गैरसमज सगळ्यात महाग पडतो. मुदत तीच राहते, दर मात्र मॅच्युरिटीच्या दिवशी बँकेचा जो असेल तो लागतो, आणि मग नव्या मुदतीभर तोच. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर टप्प्याटप्प्याने ६.५० वरून ५.२५ पर्यंत खाली आणला, एफडीचे दरही मागोमाग उतरले, त्यामुळे त्या वर्षात ज्यांची जुनी चढ्या दराची एफडी आपोआप रिन्यू झाली त्यांना नवीन पावतीवर कमी दर दिसला. त्यात बँकेने फसवलं असं काही नाही, रिन्यू म्हणजे नवीन एफडीच, फक्त सही न करता.

याच्यात एक खास अडचण आहे ती ४४४ दिवस किंवा ४०० दिवस अशा विचित्र मुदतीच्या एफडींची. बँका काही काळासाठी अशी योजना काढतात, तिला वर्षाच्या एफडीपेक्षा थोडा जास्त दर देतात. तुम्ही ती घेतली, ऑटो रिन्यू टिक केलं, ४४४ दिवसांनी ती योजना बंद झालेली असते, पण तुमची एफडी मात्र पुन्हा ४४४ दिवसांसाठीच रिन्यू होते, साध्या दराने. कदाचित त्याच वेळी बँकेत दुसरीच कुठली मुदत चांगला दर देत असते, पण सिस्टिमला ते कसं कळणार, तिला फक्त जुनी मुदत माहिती. म्हणून अशा योजनेतल्या एफडीला मी स्वतः रिन्यूअल ठेवत नाही, एफडी बंद करून पैसे खात्यात हा पर्याय ठेवते आणि मोबाइलमध्ये मॅच्युरिटीच्या तीन दिवस आधीचं रिमाइंडर लावते. रिमाइंडर लावणार नसाल तर मात्र रिन्यूच ठेवा, कारण सेव्हिंगमध्ये आलेले पैसे पण अडीच टक्क्यावरच बसतात, नाव फक्त ओव्हरड्यू नाही इतकंच.

रिन्यू झाली पण मला पैसे हवे होते. आता अडकले का?

नाही. काही बँका रिन्यूअल झाल्यावर थोडे दिवस देतात ज्यात रिन्यूअल रद्द करता येतं, तेवढ्या दिवसांचं व्याज कसं देतात हे बँकेगणिक वेगळं. ते दिवस गेले तर मुदतीआधी मोडायची. वर म्हटलं तसं जितके दिवस राहिली तितक्या दिवसांचा दर, वजा दंड. फक्त पहिले ७ दिवस लक्षात ठेवा, एफडीची कमीत कमी मुदतच ७ दिवस आहे, त्याआधी मोडली तर नव्या मुदतीचं व्याज साधारणपणे शून्य. म्हणजे रिन्यू होऊन पाच दिवस झाले असतील, बँक रद्द करून देत नसेल आणि फारशी घाई नसेल तर आणखी दोन-तीन दिवस थांबणं बरं.

बँक म्हणाली की ही एफडी मोडताच येत नाही, तर विचारा कुठल्या नियमाने. ऑक्टोबर २०२३ पासून व्यक्तीच्या नावावरच्या १ कोटीपर्यंतच्या देशांतर्गत एफडीला मुदतीआधी काढण्याची सोय द्यावीच लागते, न मोडता येणारी एफडी बँक त्यावरच्या रकमेलाच देऊ शकते. अपवाद पाच वर्षांची टॅक्स सेव्हिंग एफडी, ती पाच वर्षं खरंच मोडता येत नाही.

आमची एफडी दोघांच्या नावावर आहे, "आयदर ऑर सर्व्हायव्हर". मग काही वेगळं?

हो, आणि हे मला फार उशिरा कळलं. आयदर ऑर सर्व्हायव्हर असेल तर मुदत पूर्ण झाल्यावर दोघांपैकी कुणी एक सही करून पैसे घेऊ शकतो. पण मुदतीआधी मोडायची असेल तर दोघंही हयात असताना बँक दोघांच्या सह्या मागते, तशी वेगळी परवानगी आधीच लिहून दिलेली नसेल तर. आता ऑटो रिन्यूअलशी हे जोडून बघा. मॅच्युरिटीच्या दिवशी एका सहीने मोकळी होणारी एफडी, त्याच रात्री रिन्यू झाली की दुसऱ्या दिवशी दोन सह्यांची होते. नवरा परगावी नोकरीला, बायको इकडे, मुलाची फी भरायचीय, आणि बँक म्हणते त्यांची सही आणा. हे मी दोन घरांत बघितलंय. नजीकच्या काळात पैसे लागणार हे माहीत असेल तर जॉइंट एफडीला रिन्यूअल ठेवू नका, किंवा एफडी काढतानाच मुदतीआधी कुणाही एकाच्या सहीने मोडता येईल असं लेखी देऊन ठेवा.

दिलेली सूचना नंतर बदलता येते का? कशी?

येते, मॅच्युरिटीच्या आधी कधीही. ॲपमध्ये किंवा नेट बँकिंगमध्ये डिपॉझिटच्या भागात जाऊन ती एफडी उघडा, तिथे मॅच्युरिटी इन्स्ट्रक्शन किंवा ऑटो रिन्यूअल असं काहीतरी दिसेल, ते बदला आणि बदल झाल्यावर पुन्हा बाहेर येऊन परत उघडून बघा की खरंच बदललंय का. शेवटच्या दिवसावर ठेवू नका, रिन्यूअल बँकेच्या सिस्टिममध्ये दिवस संपताना किंवा सुरू होताना आपोआप चालतं, आणि तुम्ही सकाळी दहाला ब्रँचमध्ये पोचता तेव्हा ते बहुतेकदा होऊन गेलेलं असतं. चार-पाच दिवस आधी केलं की निवांत.

ब्रँचमध्ये काढलेली एफडी काही बँकांत ॲपवर दिसते पण बदलता येत नाही. मग साधा अर्ज लिहायचा, एफडी नंबर, मॅच्युरिटीची तारीख, काय करायचं ते, आणि कुठल्या खात्यात जमा करायचं तो नंबर. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर बँकेचा शिक्का आणि तारीख घ्या. तोंडी सांगून येऊ नका. ज्यांनी तोंडी सांगितलं त्यांच्याकडे नंतर दाखवायला काही नसतं, आणि काउंटरवरचा माणूस तोपर्यंत दुसऱ्या शाखेत बदलून गेलेला असतो.

माझी एफडी सध्या चालू आहे की पडून आहे, ओळखायचं कसं?

पावतीवर किंवा ॲपवर मॅच्युरिटीची तारीख बघा. तारीख उलटून गेलीय आणि नवीन मॅच्युरिटीची तारीख कुठेच दिसत नाही, म्हणजे पडून आहे. रिन्यू झालेली असेल तर पुढची तारीख आणि नवीन दर दिसतो, काही बँकांत एफडी नंबरही बदलतो, त्यामुळे जुन्या नंबरने शोधलं तर सापडत नाही आणि उगाच धडकी भरते. कागदी पावतीवर मात्र विश्वास ठेवू नका, ती पहिल्या मुदतीचीच असते आणि सिस्टिममध्ये तीन वेळा रिन्यू झाली तरी कागद तोच. ब्रँचमध्ये गेलात तर रिन्यूअलची नवीन पावती किंवा ॲडव्हाइस मागा, आणि त्यावर नॉमिनीचं नाव आलंय का तेही एका नजरेत बघून घ्या.

पूर्वी घरी पत्र यायचं, आता एसएमएस आणि ईमेल येतो, म्हणून बँकेत जुना मोबाइल नंबर असेल तर मॅच्युरिटीची सूचना कुणाच्या तरी दुसऱ्याच्या फोनवर जातेय असं समजा.

खूप वर्षं कुणी हातच लावला नाही तर पैसे जातात का?

जात नाहीत, पण जागा बदलतात. मुदत संपल्यापासून १० वर्षं कुणी दावा केला नाही तर बँकेला ते पैसे रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत पाठवावे लागतात, हा निधी २०१४ पासून आहे. तिथे गेल्यावरही पैसे तुमचेच, मागायला कालमर्यादा नाही, फक्त मागायचे ते आपल्या बँकेकडेच, रिझर्व्ह बँकेकडे जायचं नाही. बँक तुम्हाला पैसे देते आणि स्वतः निधीतून परत घेते. व्याज देणाऱ्या ठेवीवर निधीत असतानाच्या काळाचं साधं व्याज मिळतं: सुरुवातीला ४ टक्के होतं, १ जुलै २०१८ पासून साडेतीन झालं आणि ११ मे २०२१ पासून ३ टक्के.

गेलेल्या आई-वडिलांची एखादी जुनी एफडी कुठे असेल अशी शंका असेल तर रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये उद्गम नावाचं पोर्टल सुरू केलंय, पत्ता `udgam.rbi.org.in`. मोबाइल नंबरने नोंदणी करायची, ठेवीदाराचं नाव आणि पॅन किंवा जन्मतारीख असं काही टाकायचं, आणि तिथे जोडलेल्या बँकांमध्ये एकदम शोधता येतं. पोर्टल फक्त ठेव सापडवून देतं, दावा करायला बँकेतच जावं लागतं. नावाचं स्पेलिंग थोडं बदलून पुन्हापुन्हा शोधा, जुन्या नोंदींत आडनाव आधी, वडिलांचं नाव मध्ये, कुठे फक्त आद्याक्षरं, असे सगळे प्रकार असतात. माझ्या आजोबांची एक ठेव तिसऱ्या प्रयत्नात, आडनाव आधी टाकल्यावर मिळाली.

मामांच्या त्या पैशाचं पुढे काय झालं?

लोक हे विचारतातच. ऑपरेशनला लागले तेवढे काढले आणि उरलेल्याच्या दोन एफडी केल्या, एक सहा महिन्यांची आणि एक वर्षाची, दोन्ही मामा-मामींच्या नावावर, मोडायला कुणाही एकाची सही चालेल असं लिहून देऊन. सहा महिन्यांच्या एफडीला पैसे खात्यात, वर्षाच्या एफडीला फक्त मुद्दल रिन्यू. आणि मामांनी स्वतःहून एक केलं, पावतीच्या मागे मॅच्युरिटीची तारीख मोठ्या अक्षरात लाल पेनाने लिहिली आणि ती पावती कपाटातून काढून देवघराशेजारच्या कॅलेंडरला टाचून ठेवली.